प्रश्नोत्तरे: सिग्नल किती दिवसांत विझतो, आणि पोर्टफोलिओ किती दिवसांनी बदलावा

पाच दिवसांत सर्वांत जास्त पडलेले 20 शेअर घेतो, रोज यादी नवी करतो. बॅकटेस्टमध्ये झकास दिसतं, हातात मात्र तोटा. चूक कुठे? (दांडिया बाजार, वडोदरा)

तुम्ही धाडलेल्या महिन्याभराच्या कॉन्ट्रॅक्ट नोट मी ओळ न् ओळ पाहिल्या. रोज 20 पैकी साधारण 8 शेअर बदलले आहेत. भांडवल पाच लाख, म्हणजे एका शेअरमागे 25 हजार. एसटीटी खरेदीला 0.1 टक्के आणि विक्रीला 0.1 टक्के. खरेदीवर 0.015 टक्के मुद्रांक शुल्क. विकताना डीमॅटचे पंधराएक रुपये, जे 25 हजारांवर 0.06 टक्के पडतात. एक्स्चेंजचे आकार किरकोळ. बाकी भाग तुमच्या ऑर्डरच्या किमतीत आणि स्क्रीनवरच्या किमतीत पडलेल्या अंतराचा. दलाली शून्य असूनही एक शेअर घेऊन विकण्याचा खर्च सुमारे 0.5 टक्के झाला. रोज 40 टक्के पोर्टफोलिओ बदलला तर दिवसाला 0.2 टक्के गेले.

आता कमाई. तुमच्या बॅकटेस्टमध्ये निवडलेल्या शेअरांची सरासरीपेक्षा जास्तीची कमाई शेवटी 1.2 टक्क्यांवर थांबते आणि तिच्यातली निम्मी पहिल्या 5 दिवसांत होते. म्हणजे सिग्नलचं अर्धायुष्य 5 दिवस. या हिशेबाने पहिल्या दिवशी 0.155 टक्के मिळतात, 5 दिवसांत 0.6, 10 दिवसांत 0.9, 20 दिवसांत 1.125. रोजच्या बदलात 0.155 कमवायला 0.2 खर्च होतात, तोटा तिथेच आहे. खर्च न धरलेल्या बॅकटेस्टला पहिला दिवसच सर्वांत गोड दिसतो, म्हणून ती रोज बदल सुचवते.

किती दिवस थांबायचं ते असं काढा: तितक्या दिवसांच्या कमाईतून 0.5 वजा करा आणि उरलेल्याला दिवसांनी भागा. 5 दिवसांनी सगळी यादी बदलली तर दिवसाला 0.02 टक्के उरतात, 10 दिवसांनी 0.04, 20 दिवसांनी 0.031. 9 ते 12 दिवसांत फारसा फरक पडत नाही, म्हणून दर दुसऱ्या आठवड्याचा एक वार धरा. खर्च 0.3 वर आणलात तर हाच आकडा 10 च्या अलीकडे सरकेल, म्हणून दर तिमाहीला खऱ्या नोटांवरून खर्च पुन्हा काढा.

रात्री बंद भावावर यादी काढते, पण खरेदी परवा सकाळी होते. एका दिवसाने काय बिघडतं? (मांजलपूर)

याच सिग्नलला पुष्कळ बिघडतं. जो दिवस जातो तो सर्वांत कमाईचा, त्यात 0.155 गेले. उरलेल्या 1.045 पैकी पुढच्या 10 दिवसांत 0.784 मिळतात, खर्च वजा जाता 0.284. वेळेवर घेतलं असतं तर 0.40 उरले असते. जवळजवळ तीस टक्के निव्वळ कमाई एका उशिराने जाते, म्हणून यादी रात्री झाली की ऑर्डर त्याच रात्री लावून ठेवा. बॅकटेस्टमध्येही ज्या भावावर यादी काढली त्याच भावावर खरेदी धरू नका. तपासायचं असेल तर सिग्नल एक दिवस पुढे ढकलून बॅकटेस्ट पुन्हा चालवा. कमाई धाडकन कोसळली तर सिग्नल तुमच्या कामकाजाच्या वेगापेक्षा जलद आहे.

वरच्या 20 त आला की घेणं आणि 50 च्या खाली गेला की विकणं, हे बरं का? (अलकापुरी)

वर्षभराच्या मोमेंटमसारख्या संथ सिग्नलला फार बरं, क्रमांक थोडा हलला म्हणून शेअर विकावा लागत नाही. पाच दिवसांच्या पडझडीवर मात्र क्रमांक फसवतो. एखादा शेअर पडतच राहिला तर तो यादीत वर राहतो, आणि जुन्या पडझडीतली भरपाई संपली आहे की नाही ते क्रमांक सांगत नाही. इथे उरलेली कमाई मोजा. 3 दिवस धरलेल्या शेअरमध्ये अजून 0.79 टक्के बाकी असतात, नव्यात 1.2. फरक 0.41, खर्च 0.5, तेव्हा हात लावायचा नाही. 4 दिवसांनंतर फरक 0.51 होतो, त्याआधीची प्रत्येक अदलाबदल तोट्याची. 4 ही खालची मर्यादा, धरायचा आकडा वरचा 10 च.

दहा दिवसांच्या चक्रात सुरुवात कोणत्या वारी करावी? (गोत्री)

वार शोधत बसू नका. बॅकटेस्टमध्ये एखादा वार चांगला दिसला तर तो बहुधा नशिबाचा भाग असतो. भांडवलाचे दोन भाग करा आणि दुसरा 5 दिवसांनी सुरू करा. खर्च तेवढाच राहतो, पण प्रत्येक भागात 10 च शेअर घ्या. दोन्हीकडे 20 घेतलेत तर डीमॅटचा ठरावीक आकार 12,500 रुपयांवर पडून 0.12 टक्के होईल.