सिग्नलला डी मध्ये ब्रेक दाबून उभा असलो की गाडी थरथरते, न्यूट्रल केलं की बरीच कमी होते. माउंट गेलेत की सिलिंडर मिस करतोय?

आधी माउंट बघा. त्याआधी प्लग-कॉइलवर एक रुपयाही घालू नका.

माझी गाडीही ऑटोमॅटिक, टॉर्क कन्व्हर्टरवाली. इंदूरला पलासियाच्या सिग्नलला उभं राहिलं की स्टेअरिंगने हाताला मुंग्या यायच्या आणि दाराच्या खणातली पाण्याची बाटली खडखडायची. न्यूट्रल केलं की बाटली गप्प. भाऊजींनी बोनेट न उघडताच सांगून टाकलं, "सिलिंडर मिस करतोय." त्यांच्या ओळखीच्या गॅरेजवाल्याने आधी प्लग बदलले, मग इंजेक्टर साफ केले, मग एक कॉइल बदलली. साडेअकरा हजार गेले, बाटली खडखडतच राहिली.

मी तेव्हाही हेच म्हणत होतो की सिलिंडर मुळातच पेटत नसेल तर न्यूट्रललाही इंजिन लंगडणारच. शिवाय ते लंगडणं एकसारखं नसतं. मध्येच हिसका बसतो, आरपीएमचा काटा हलतो, सायलेन्सरच्या तोंडाशी धूर तुटक तुटक येतो. माझी थरथर एकसुरी होती. डी मध्ये ब्रेक दाबला की इंजिनावर टॉर्क कन्व्हर्टरचा भार येतो आणि इंजिन माउंटवर कलतं. माउंटचं रबर बसलेलं असलं की धातू धातूला टेकतो आणि थरथर थेट बॉडीत उतरते. न्यूट्रलला तो भार सुटतो.

शेवटी देवास नाक्याकडच्या एका वयस्कर मिस्त्रींनी पाच मिनिटांत निकाल लावला. मला हँडब्रेक ओढून ब्रेक घट्ट दाबायला सांगितला, बोनेट उघडं ठेवून स्वतः बाजूला उभे राहिले (पुढे कधीच उभं राहू नये) आणि डी, आर, परत डी लावायला लावलं. दर वेळी इंजिन चांगलं दोन बोटं उचललं जात होतं. उजवीकडच्या हायड्रॉलिक माउंटखाली काळं, चिकट तेल ओघळलेलं होतं. तो फाटला होता. नवा बसवला आणि थरथर गेली. मग मी जुनी कॉइल मुद्दाम परत बसवली, तरी गाडी तशीच शांत. भाऊजी अजून म्हणतात, कॉइलचाच गुण.

हो, एक मात्र आहे. कमजोर कॉइल कधी कधी भार आल्यावरच मिस करते, तेव्हा ती माउंटसारखीच भासते. म्हणून डी मध्ये उभं असतानाच स्कॅनरवर सिलिंडरनिहाय मिसफायरचे आकडे बघा. P0302, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरचा मिसफायर कोड, आला किंवा त्याच सिलिंडरचा आकडा वाढत असला, तर त्याची कॉइल शेजारच्या सिलिंडरशी बदला. आकडा कॉइलबरोबर सरकला तर दोष कॉइलचा. सगळे आकडे शून्यावर असतील तर कॉइल विकणाऱ्याचं ऐकू नका.

तुमची गाडी एएमटी असेल तर मात्र वरची डी-न्यूट्रलची खूण धरू नका. तिच्यात ब्रेक दाबून उभं असताना क्लच सुटलेला असतो, त्यामुळे इंजिनावर तो भार येतच नाही.