विहिरीला दोन तासच पाणी: टोमॅटोला ठिबक करावं की पाटपाणी चालेल?

प्रश्न: साहेब, सासवडजवळ माझी मध्यम काळी जमीन आहे. एक एकर उन्हाळी टोमॅटो लावायचा आहे. विहीर मार्चपासून दोन तासच चालते. सरीनं भागेल का? ठिबकचा खर्च परवडेल का?

उत्तर: आधी मोटार किती पाणी टाकते ते मोजा. दोनशे लिटरचा ड्रम ३६ सेकंदांत भरला तर तासाला २० हजार लिटर, म्हणजे दोन तासांत ४० हजार. तुमचा आकडा वेगळा आला तर पुढचा हिशेब त्याप्रमाणे बदला.

सरीला एका पाळीत सुमारे ६० मिलिमीटर पाणी जातं, एकराला साधारण २ लाख ४० हजार लिटर. त्याहून कमी देता येत नाही, कारण पाणी सरीच्या शेवटच्या टोकाला पोहोचेपर्यंत पहिल्या टोकाला मुरतच असतं. तुमच्या विहिरीवर अशी एक पाळी पुरी व्हायला सहा दिवस लागतील. मार्चमध्ये कसंबसं जमेल. एप्रिलमध्ये विहीर सव्वा तासावर आली की तीच पाळी नऊ-दहा दिवसांवर जाते, आणि नेमकी तेव्हा फळं फुगत असतात. जमीन कडक सुकली आणि मग एकदम भरपूर पाणी मिळालं की फळं तडकतात, बुडाशी काळे डाग पडतात. आमच्याकडे ‘कॅल्शियमची फवारणी सांगा’ म्हणून फोन येतात. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी जमिनीत कॅल्शियम असतं, पाणी वेळेवर नसल्यामुळे ते फळापर्यंत जात नाही.

आता ठिबक. पाच फुटांवर ओळी धरल्या तर एकराला सुमारे २,७०० मीटर लॅटरल लागते. ४० सेंटिमीटरवर एक ड्रीपर आणि त्याजवळ एक रोप, अशी ६,७५० रोपं बसतात. भर उन्हाळ्यात फळावर आलेल्या झाडाला दिवसाला चार लिटर धरा, म्हणजे २७ हजार लिटर. सरीची सरासरी दिवसाला ४० हजार येते, तेव्हा बचत तिसरा हिस्सा. कोवळ्या रोपाला लिटरभरच पुरतं, त्यामुळे पहिल्या महिन्यात बचत याहून बरीच जास्त असते. झाड काही कमी पीत नाही. वाचतं ते पाटात, मुळांखाली आणि दोन ओळींमधल्या उघड्या मातीत जाणारं पाणी.

तासाला दोन लिटरचा ड्रीपर घेतला तर संचाला तासाला साडेतेरा हजार लिटर लागतात. मोटारीचं जास्तीचं पाणी बायपासनं परत विहिरीत सोडा. भर उन्हाळ्यात दोन तास, रोपं लहान असताना अर्धा तास. इथंच लोक चुकतात. गेल्या उन्हाळ्यात एका प्लॉटवर गेलो, ठिबक असूनही झाडं पिवळी पडली होती. ड्रीपरखाली खुरप्यानं फूटभर उकरलं तर नुसता चिखल, मुळं तपकिरी झालेली. लाइट होती तोवर, पाच तास, संच सुरूच ठेवलेला. तुम्ही आठवड्यातून एकदा असंच उकरून बघा. फूटभर खोलीची माती मुठीत दाबून गोळा झाला पाहिजे, पण हाताला चिखल लागता कामा नये.

दुसरी तपासणी: पहिल्या आणि शेवटच्या ड्रीपरखाली सहा मिनिटं वाटी ठेवा. प्रत्येकी २०० मिलिलिटरच्या आसपास पाणी आलं पाहिजे. शेवटी बरंच कमी आलं तर फिल्टर धुवा आणि लॅटरलची टोकं उघडून गाळ जाऊ द्या. कॅल्शियम नायट्रेट ०:५२:३४ सोबत एकाच टाकीत कधीच कालवू नका, पांढरा साका धरून ड्रीपर बुजतात.

उत्पादन वाढतं, पण ते नुसत्या पाण्यानं नाही. विद्राव्य खतं थोडी थोडी रोज किंवा दिवसाआड मुळाशी जातात, म्हणून वाढतं. बेसल डोस टाकून खत विसरणार असाल तर फरक थोडाच दिसेल.

खर्च एकराला अंदाजे ४० ते ५० हजार, त्यात मोटार धरलेली नाही. अल्प व अत्यल्प भूधारकाला केंद्राच्या योजनेतून ५५ टक्के आणि राज्याच्या पूरक अनुदानातून २५, असं मंजूर खर्चाच्या ८० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. बाकीच्यांना ७५. समजा बिल ४५ हजार आणि मंजूर खर्च ४० हजार, तर ३२ हजार अनुदान आणि तुमच्या खिशातले १३ हजार. पैसे मागाहून खात्यावर येतात, म्हणून आधी पूर्ण रक्कम उभी करावी लागेल. महाडीबीटीवर अर्ज करा आणि पूर्वसंमती मिळाल्याशिवाय संच घेऊ नका, नाहीतर अनुदान हातचं जाईल.

पूर्वसंमतीला उशीर झाला आणि लागवडीची वेळ निघून चालली, तर अर्धाच एकर लावा. सरीनं द्या, पण एक आड एक सरी भिजवा आणि पुढच्या पाळीला राहिलेल्या सऱ्या घ्या. तुमच्या काळ्या जमिनीत पाणी बाजूला पसरतं, त्यामुळे हे चालतं. शेजारी मेथी-कोथिंबिरीचे वाफे असतील तर त्यांना ही पाच फुटी लॅटरल उपयोगाची नाही, ते वाफे पाटपाण्यावरच राहू द्या.