रकान्याचं नाव बदलू नका, खाली उलगडून सांगा

भाऊ, अर्ज कसा भरायचा या सूचनांचा तुमचा मसुदा वाचला. भाषा सोपी झाली आहे, पण ‘भोगवटादार’ खोडून तुम्ही ‘शेतमालक’ लिहिलंत, तिथे गडबड आहे. काटोलचा शेतकरी सूचना वाचून अर्जावर ‘शेतमालक’ शोधत बसेल आणि तो शब्द तिथे नसेलच. सातबाऱ्यावरही ‘भोगवटादार’च छापलेलं असतं.

म्हणून छापील नाव अक्षरन् अक्षर तसंच, ठळक ठेवा. अर्थ त्याखाली, एका वाक्यात.

सगळ्यात जास्त घोळ ‘खाते क्रमांक’ घालतो. मीही सुरुवातीला ‘तुमचा खाते नंबर लिहा’ एवढंच लिहिलं होतं. लोकांनी जमिनीच्या रकान्यात पासबुकावरचा लांबलचक आकडा उतरवला! आता असं लिहितो:

खाते क्रमांक
हा जमिनीचा खाते क्रमांक आहे, बँकेचा नाही. आठ-अ उताऱ्यावर पाहून लिहा. गट क्रमांक इथे लिहू नका.

आकडा कोणत्या कागदावर सापडेल, हे सांगितलं की निम्मे प्रश्न मिटतात.

सुरुवातीला आणखी दोनच गोष्टी पाळा:

- ‘सादर करण्यात यावे’ नको, ‘जोडा’ लिहा.
- ‘किंवा’ आणि ‘आणि’ अदलाबदल करू नका. ‘यापैकी कोणतेही एक’ हे शब्द गाळले, तर माणूस सगळेच कागद गोळा करत तहसीलच्या चकरा मारतो.

मग गावातल्या एखाद्याला कोरा अर्ज भरायला द्या न् गप बसा. पेन जिथे अडेल, तेवढंच वाक्य दुरुस्त करा.