चिपळूणचं ‘चिपलून’ होतं तेव्हा

प्रश्न: आमच्या गावाचं नाव एका मोठ्या दैनिकात सारखं चुकीचं छापून येतं. संपादकांना पत्र लिहायचं आहे. कसं लिहू? अशा पत्राने खरंच काही फरक पडतो का?

फरक पडतो, पण माझ्या पहिल्या पत्राने पडला नव्हता.

मी चिपळूणचा. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, आणि एरवी ज्यांना आमचं गाव नकाशावर शोधावं लागलं असतं त्या सगळ्यांनी त्या आठवड्यात आमच्या बातम्या छापल्या. एका दैनिकात बुडालेल्या दुकानांचा फोटो होता आणि वर मोठ्या अक्षरांत ‘चिपलून’. घरातला चिखल उपसून बसलेल्या माणसाला ते अक्षर किती लागतं हे सांगून समजणार नाही. मी त्याच रात्री तीन पानी पत्र लिहिलं. गावाचा इतिहास, कोकणाकडे होणारं दुर्लक्ष, मराठीची दुर्दशा, सगळं त्यात घातलं. ते छापलं नाही, उत्तर आलं नाही आणि पुढच्या महिन्यात पुन्हा ‘चिपलून’ आलं.

दुसरं पत्र लिहिण्याआधी मी एका ओळखीच्या उपसंपादकांना विचारलं की ही चूक होते कुठे. त्यांनी सांगितलं ते तुम्हालाही उपयोगी पडेल. चूक नीट पाहिली की ती कुठून आली ते बहुतेक वेळा कळतं. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ल आणि ळ एकाच कळीवर आहेत, शिफ्ट दाबलं की ळ. त्यामुळे ‘चिपलूण’ दिसलं तर कुणाचं तरी शिफ्ट राहिलं असू शकतं. पण ण आणि न वेगवेगळ्या कळींवर आहेत. ‘चिपलून’मध्ये ळ आणि ण दोन्ही गेले, म्हणजे ते बोट घसरून झालेलं नाही. मजकूर इंग्रजीतून किंवा हिंदीतून आलेला आहे. Chiplun या इंग्रजी अक्षरांत l म्हणजे ल की ळ आणि n म्हणजे न की ण हे लिहिलेलंच नसतं. हिंदीच्या रोजच्या लिखाणात ळ नाही. भाषांतर करणारा कधी इकडे आलेला नसेल तर तो समोर दिसेल तेच लिहिणार. म्हणजे पत्रात आमच्या तालुक्याच्या वार्ताहरावर चिडून उपयोग नव्हता, कारण त्याने बरोबरच लिहिलं असतं. चूक मुख्य कार्यालयातल्या डेस्कवर होत होती.

तक्रार करण्याआधी एक गोष्ट नक्की तपासा: ती चूकच आहे ना? आमच्याकडे बरेच जण ‘चिपळुणात’ वाचून भडकतात, की ळू दीर्घ हवा होता. पण ते बरोबर आहे. मूळ नाव चिपळूण, ‘चिपळूणला’ आणि ‘चिपळूणहून’मध्येही ते तसंच राहतं, पण ‘आत’ लागून सामान्यरूप झालं की उपान्त्य ऊ ऱ्हस्व होतो, जसं नागपूर आणि नागपुरात. दुसरं म्हणजे काही नावांची दोन्ही रूपं चालतात. कराड आणि कऱ्हाड, वेंगुर्ला आणि वेंगुर्ले. तिथे दैनिकाने ठरवून एक रूप धरलेलं असतं. त्याला चूक म्हणालात तर तुमचं पत्र वाचणारा पहिल्या ओळीतच तुम्हाला बाजूला ठेवेल. तशा वेळी ‘गावात हे रूप वापरतात, तेच धरावं’ अशी विनंती करता येते, पण तो वेगळा विषय आहे.

आता पत्र. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं आणि पत्ता छापलेला असतो. तिथून संपादकांचं नाव घ्या आणि पत्र त्यांच्या नावाने पाठवा. ‘वाचकांचा पत्रव्यवहार’ या सदराला पाठवलंत तर ते मत म्हणून वाचलं जातं आणि जागेसाठी रांगेत थांबतं. दुरुस्ती हवी असेल तर विषयातच ‘दुरुस्ती’ लिहा. माझं दुसरं पत्र असं होतं:

‘मा. संपादक, स. न. वि. वि.
विषय: गावाच्या नावाची दुरुस्ती.
आपल्या अमुक आवृत्तीच्या अमुक तारखेच्या अंकात पान 1 वरील बातमीच्या मथळ्यात आणि दुसऱ्या परिच्छेदात आमच्या गावाचे नाव “चिपलून” असे छापले आहे. ते “चिपळूण” असे हवे. ळ, दीर्घ ऊ आणि ण. याआधीच्या दोन अंकांतही असेच झाले होते, त्या तिन्ही बातम्यांची कात्रणे सोबत जोडली आहेत. नगर परिषदेच्या मराठी पाटीचा फोटोही जोडला आहे. आपल्या दैनिकात विष्णुशास्त्री चिपळूणकर यांचे नाव नेहमी बरोबर छापले जाते. ते आडनाव ज्या गावावरून आले, ते हेच गाव. कृपया दुरुस्ती छापावी आणि डेस्कच्या शब्दयादीत हे नाव नोंदवावे.
आपला,’ आणि खाली पूर्ण नाव, पत्ता, फोन.

एवढंच. पुरावा देवनागरीतला द्या. इंग्रजी गॅझेटियर कितीही जुनं असलं तरी इथे कामाचं नाही, कारण घोळ झाला तोच मुळी इंग्रजी अक्षरांमुळे. पाटी, नगर परिषदेची नोटीस, सातबारा यांतलं एखादं पुरे. चिपळूणकरांचं नाव मला उशिरा सुचलं, पण माझ्या मते पत्रात तेच सगळ्यात जोरदार होतं. बाहेरचा कुठलाही दाखला न देता त्यांच्याच अंकातून त्यांना बरोबर रूप दाखवता आलं. तुमच्या गावावरून आडनाव पडलं असेल तर तेच करून पाहा.

शब्दयादीची ओळ मात्र विसरू नका. दुरुस्तीची चौकट एकदा येते आणि विसरली जाते, शब्दयादी डेस्कवर राहते. मी पत्राच्या मागच्या बाजूला शेजारची चार नावंही लिहून दिली: पोफळी, गोवळकोट, कुंभार्ली, अलोरे. पहिल्या दोन्हींत ळ आहे, पुढच्या दोन्हींत ल. ‘या भागात सगळीकडे ळ घाला’ असं कुणी ठरवलं तर उलटी चूक व्हायची, म्हणून चारही दिली.

नऊ दिवसांनी आतल्या पानावर दोन ओळींची दुरुस्ती आली. मथळा पहिल्या पानावर चुकला होता आणि दुरुस्ती आत, हे मला पटलं नाही. चूक लक्षात आल्यावर दुरुस्ती तत्परतेने आणि ठळकपणे द्यावी असं भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या आचारसंहितेतही आहे. पण मी त्यावर भांडलो नाही. मला नाव बरोबर व्हायला हवं होतं, आणि त्यानंतर छापील अंकात ते चुकलेलं मला दिसलेलं नाही.

वेबसाइटसाठी वेगळी मेल करावी लागली. छापील अंक बदलत नाही, पण तीच बातमी वेबसाइटवर असेल तर तिथे ती दुरुस्त करता येते, आणि हे काम बहुतेक वेगळी माणसं बघतात. मेलमध्ये बातमीची लिंक द्या आणि मथळा, फोटोओळ आणि टॅग, तिन्हीकडे नाव बदलायला सांगा. आमच्या त्या बातमीचा मथळा दोन दिवसांत सुधारला. फोटोओळीत ‘चिपलून’ तसंच राहिलं होतं, त्यासाठी मी पुन्हा मेल केली.