हजार रुपयांचा फरक

“मॅडम, प्राप्ती-शोधन खात्यावरून उत्पन्न-खर्च खातं जमतं, पण ताळेबंद काही केल्या जुळत नाही. माझं डोकंच अकाउंट्सचं नाही का?”

बारावी कॉमर्सची मुलं दिवाळीनंतर माझ्याकडे येतात ती बहुधा हेच विचारत. यंदाच्या एका मुलीची वही अजून डोळ्यांपुढे आहे.

क्रीडा मंडळाचं उदाहरण होतं. सुरुवातीची रोकड १२,००० रुपये, साहित्य ३०,००० आणि गेल्या वर्षीची येणे वर्गणी ४,०००. देणी नाहीत, म्हणजे भांडवल निधी ४६,०००. वर्षात वर्गणीचे ४६,००० आले. मैदानभाडं १८,०००, पगार १५,००० आणि नवं साहित्य १०,००० गेल्यावर शिल्लक १५,०००.

पहिल्या भेटीत तिने रोकड शिल्लकच उत्पन्नात घेतली होती, साहित्यही खर्चात. ते लवकर सुटलं. साहित्य ताळेबंदात गेलं आणि त्यावरचा १० टक्के घसारा, ४,००० रुपये, तेवढा खर्चात आला.

वर्गणीही तिने नीट सोडवली. मिळालेल्या ४६,००० मधून गेल्या वर्षीचे ३,००० आणि पुढच्या वर्षीचे आगाऊ २,००० वजा, यंदाचे येणे ७,००० अधिक: ४८,०००. सभासद १२०, वर्गणी ४००, म्हणजे पडताळाही बसला. आधिक्य ११,०००.

तरी आधिक्य धरून निधी आणि आगाऊ वर्गणी मिळून ५९,०००, मालमत्ता मात्र ५८,०००. रडकुंडीला आली होती. चूक मला दिसत होती, पण मी दाखवली नाही. मुलांना खात्यामागची माणसं दिसली की आकडे आपोआप जागेवर बसतात, हा माझा जुना हट्ट.

“तुमच्या सोसायटीत गणपतीची वर्गणी कोण गोळा करतं?”

“बाबा.”

“गेल्या वर्षीची सगळी आली?”

“दोन घरं अजून टोलवताहेत.”

“मग बाबांनी त्यांची नावं खोडली?”

“छे! नव्या वहीत पहिल्या पानावर उतरवून—” ती थांबली. पेन्सिल गेल्या वर्षीच्या ४,००० वर गेली. “यातले ३,००० च आलेत. उरलेले हजार कुठंयत?”

मी काही बोलले नाही. तो हजार यंदाचं उत्पन्न नव्हे, म्हणून उत्पन्न-खर्च खात्यात तो दिसत नाही. येणं मात्र आहेच. तिने येणे वर्गणी ७,००० ची ८,००० केली. रोकड १५,०००, साहित्य ३६,०००, वर्गणी ८,०००. एकोणसाठ! (एवढ्या मुलांनंतरही त्या क्षणी मला उगाच आपण थोर वाटतो.)

तेव्हापासून मी मुलांना वर्गणीसाठी तीन ओळी आखायला लावते: गेलं वर्ष, हे वर्ष, पुढचं वर्ष. गेल्या वर्षीच्या ओळीत काही उरतंय का, ते आधी बघायचं.

निघताना तिने विचारलं, “ती दोन घरं देणारच नसतील तर?”

“गणितात तसं सांगितलं असेल तरच हजार बुडीत म्हणून खर्चात टाक. आधिक्य १०,००० होईल आणि दोन्ही बाजू ५८,०००.”

“बाबांना सांगते,” ती म्हणाली.