उतारा हरवलेला प्रश्न

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचा कागद मिळाला. अभ्यासिकेतल्या मुलांसाठी तू जुन्या प्रश्नसंचांची उत्तरं लिहून काढते आहेस आणि या एका प्रश्नापाशी अडलीस. वर नुसतं ‘पुढील प्रकरण वाचून उत्तरे लिहा’ एवढंच टाइप केलेलं आहे. प्रकरण चित्रात होतं, आणि ते चित्र फाइल तयार होताना कुठेतरी गळून पडलं. खाली तीन उपप्रश्न तेवढे शिल्लक आहेत: या प्रकरणात कोणत्या मूलभूत हक्काचा भंग झाला आहे? (१ गुण) कामगारांच्या वतीने दुसऱ्या कोणाला न्यायालयात जाता येते का? (२ गुण) ठेकेदार खासगी असूनही सरकार जबाबदार कसे ठरते? (२ गुण)

तू पहिल्याचं उत्तर ‘कलम २३, शोषणाविरुद्धचा हक्क’ असं लिहिलंस आणि त्याखाली १९८२ च्या एशियाडच्या बांधकामाची हकीकत जोडलीस. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात हक्कांच्या धड्याची सुरुवातच त्या प्रकरणाने होते, आणि उपप्रश्नांत कामगार, ठेकेदार, सरकार हे तिन्ही शब्द आहेत. तेव्हा प्रकरण तू बहुधा बरोबर ओळखलंस. तरी त्या एका गुणाचं उत्तर मी खोडलं आहे. ते का, हे सांगण्यासाठीच हे पत्र लांबणार आहे.

एशियाडचा निकाल मूळातून वाचशील तेव्हा दिसेल की त्या एका खटल्यात चार वेगवेगळ्या तक्रारी आहेत. दिल्लीत खेळांसाठी स्टेडियमं, उड्डाणपूल, इमारती उभ्या राहत होत्या. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेने तीन समाजशास्त्रज्ञांना बांधकामाच्या जागांवर पाठवलं, आणि त्यांच्या अहवालाच्या आधारे न्यायमूर्ती भगवतींना पत्र लिहिलं. ते पत्रच याचिका म्हणून दाखल झालं. पहिली तक्रार अशी की किमान मजुरी दिवसाला ९ रुपये २५ पैसे ठरलेली असताना मुकादम दर मजुरामागे एक रुपया कापून घेत, त्यामुळे हातात ८ रुपये २५ पैसेच पडत. दुसरी, बायकांना ७ रुपयेच मिळत. तिसरी, चौदा वर्षांखालची मुलं कामावर होती. चौथी, राहण्याची जागा, औषधपाणी अशा कायद्याने ठरवून दिलेल्या सोयी मजुरांना मिळत नव्हत्या.

न्यायालयाने या चारही तक्रारी एकाच कलमात बसवल्या नाहीत. किमान मजुरीपेक्षा कमी पैशांत माणूस राबतो तो भुकेच्या आणि गरिबीच्या रेट्याने. तो रेटाही सक्तीच, म्हणून ती वेठबिगारी आणि कलम २३ चा भंग. बायकांना कमी पैसे देणं समान वेतन कायद्याच्या विरुद्ध, आणि तो कायदा समानतेच्या तत्त्वावर उभा असल्याने तिथे कलम १४ येतं. मुलांच्या बाबतीत कलम २४. बांधकामाचं नाव त्या वेळच्या बालकामगार कायद्याच्या यादीत नव्हतं, तरी ते काम धोक्याचं आहे, आणि राज्यघटनेचं कलम त्या यादीची वाट पाहत बसत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. कंत्राटी आणि स्थलांतरित मजुरांसाठीच्या कायद्यांतल्या सोयी नाकारणं हा मानवी प्रतिष्ठेने जगण्याच्या हक्काला धक्का, म्हणजे कलम २१.

आता तुझा उपप्रश्न परत वाच. एका गुणाचं उत्तर मागणारा माणूस चारही तक्रारी उताऱ्यात घालत नाही. तो साठ-सत्तर शब्दांचा तुकडा कापतो, आणि त्यात कोणती तक्रार आली यावर उत्तर ठरतं. मुकादमाचा रुपया आला असेल तर २३. बायकांचे सात रुपये आले असतील तर १४. विटा वाहणारी मुलं आली असतील तर २४. म्हणजे प्रकरण ओळखता आलं तरी उतारा ओळखता आला असं होत नाही. ही चूक हुशार मुलं जास्त करतात, कारण त्यांना प्रकरण पाठ असतं आणि त्यातला सगळ्यात गाजलेला भाग ती उताऱ्याच्या जागी बसवतात.

माझ्याकडूनही हे झालं आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत सायक्लोस्टाइल केलेल्या एका प्रश्नपत्रिकेचं पहिलं पान पुसट आलं होतं, उतारा वाचताच येत नव्हता. मी आठवणीतून वर्गाला सांगितलं की हे एशियाडचं प्रकरण, उत्तर २३. आठवड्याने चांगली प्रत हाती आली. उतारा त्याच खटल्याचा होता, पण तो मुलांबद्दल होता. वर्गात चाळीसेक जण होते, सगळ्यांच्या वह्यांत मी चुकीचं लिहवून घेतलं होतं. दुरुस्ती सांगितली, तरी पुढच्या चाचणीत निम्म्यांनी २३ च लिहिलं. पहिल्यांदा ऐकलेलं उत्तर डोक्यातून जात नाही, म्हणून तुझ्या या कागदाची मला काळजी वाटते.

आणखी एक फसवी जागा. प्रश्न काढणारे खरं प्रकरण जसंच्या तसं देत नाहीत. नावं बदलतात, गाव बदलतात, आणि कधीकधी मुद्दाम एक आकडा बदलतात. समज, उताऱ्यात मुलाचं वय पंधरा लिहिलं आहे. कलम २४ चौदा वर्षांखालच्या मुलांपुरतंच आहे, त्यामुळे पंधराव्या वर्षी ते लागू होत नाही. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवायला २०१६ च्या दुरुस्तीने बंदी आली आहे, पण ती कायद्याने आलेली, मूलभूत हक्क म्हणून नव्हे. त्या मुलाला किमान मजुरीपेक्षा कमी पैसे मिळत असतील तर उत्तर पुन्हा २३ वर येतं. एका आकड्यावर उत्तर फिरतं, आणि तो आकडा फक्त चित्रात आहे.

बाकीचे दोन उपप्रश्न मात्र वेगळे आहेत. उतारा नसतानाही ते जवळजवळ पूर्ण सोडवता येतात, आणि तिथे तू उगाच हात आखडता घेतलास. ‘उतारा नाही म्हणून उत्तर देता येत नाही’ असं तिन्हींच्या खाली लिहिणं हेही बरोबर नाही.

दुसरा प्रश्न घे. ज्याच्या हक्काचा भंग झाला त्यानेच न्यायालयात यावं हा जुना नियम. गरिबी, अज्ञान किंवा दुर्बलता यांमुळे ज्यांना न्यायालयाची पायरी चढता येत नाही, त्यांच्यासाठी समाजहिताच्या भावनेने दुसऱ्या कोणी धाव घेतली तरी चालेल, हे एस. पी. गुप्ता खटल्यात १९८१ मध्ये सांगितलं गेलं आणि एशियाड प्रकरणात ते प्रत्यक्ष वापरलं गेलं. हीच जनहित याचिका. मूलभूत हक्कासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात कलम ३२ खाली जाता येतं, उच्च न्यायालयात कलम २२६ खाली. उताऱ्यात बायका असोत की मुलं, हे उत्तर बदलत नाही. दोन गुण निर्धास्त लिही.

तिसऱ्यात थोडी काळजी हवी. बहुतेक मूलभूत हक्क प्रामुख्याने राज्यसंस्थेविरुद्ध मागायचे असतात, पण १७, २३, २४ आणि सार्वजनिक जागांबद्दलचं १५(२) ही कलमं खासगी माणसावरही बंधन घालतात. एशियाडमध्ये न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. काम सरकारचं, दिल्ली प्रशासनाचं, दिल्ली विकास प्राधिकरणाचं आहे. मुख्य मालक तेच, म्हणून ठेकेदाराकडे बोट दाखवून त्यांना सुटता येणार नाही. आणि खासगी माणूस असा हक्क मोडत असेल तर त्याला आवरणं हे राज्याचं घटनात्मक कर्तव्य आहे. यातली दुसरी गोष्ट तू बिनधास्त लिहू शकतेस. पहिली तेव्हाच, जेव्हा उताऱ्यातलं काम सरकारी असेल. प्रश्न ‘ठेकेदार खासगी असूनही’ असं म्हणतो, त्यावरून काम सरकारचं असावं असं वाटतं, पण ते प्रश्नाच्या शब्दांवरून काढलेलं अनुमान आहे. खासगी वीटभट्टीवरच्या ठेकेदाराबद्दलही हेच वाक्य लिहिता येईल. तेव्हा ‘काम सरकारी असल्यास’ हे तीन शब्द आधी घाल. (२०२३ च्या कौशल किशोर निकालात बहुमताने १९ आणि २१ हेही खासगी व्यक्तींविरुद्ध बजावता येतात असं म्हटलं आहे. मुलांनी विचारलं तर सांग, या दोन गुणांसाठी त्याची गरज नाही.)

आता पहिल्या प्रश्नाखाली काय लिहायचं? आधी उतारा मिळवायचा प्रयत्न कर, आणि तो नेमका कर. ज्या मुलाकडे मूळ प्रश्नपत्रिका आहे त्याला ‘फोटो परत पाठव’ म्हणालीस तर तोच अंधूक फोटो पुन्हा येईल. त्याऐवजी विचार: मजुरांना काय मिळालं नाही, कोणाला मिळालं नाही, वय दिलं आहे का, आणि काम कोणाचं आहे? या चार गोष्टी तो एका ओळीत सांगू शकेल आणि तेवढ्याने उत्तर पक्कं होईल.

मूळ प्रत मिळालीच नाही तर असं लिही: ‘या प्रश्नाचा उतारा उपलब्ध नाही. उपप्रश्नांवरून प्रकरण बांधकाम मजुरांचे, बहुधा १९८२ च्या एशियाड खटल्यावर बेतलेले दिसते. उताऱ्यात किमान वेतनापेक्षा कमी मजुरीचा उल्लेख असल्यास कलम २३. चौदा वर्षांखालील मुलांचा असल्यास कलम २४. स्त्रियांना कमी वेतनाचा असल्यास कलम १४. निवास, औषधोपचार अशा सोयींचा असल्यास कलम २१.’ स्त्रियांच्या वेतनापाशी एक टीप जोड. मुलं तिथे हमखास ३९(घ) लिहितात, समान कामाला समान वेतन म्हणून. ते मार्गदर्शक तत्त्व आहे, आणि प्रश्न मूलभूत हक्काचा आहे.

यात ‘बहुधा’ हा शब्द गाळू नकोस. मुलांना तो आवडणार नाही, त्यांना एकच आकडा हवा असतो. तशी कुरकूर आली तर फळ्यावर मुकादमाचा तो एक रुपया, बायकांचे सात रुपये आणि पंधरा वर्षांचा मुलगा असे तीन छोटे उतारे लिही आणि तोच प्रश्न तिन्हींना लावायला सांग. माझ्या वर्गात दहा मिनिटं पुरत.

तुझ्या कागदावर आणखी सहा प्रश्न असे आहेत ज्यांच्या वर चित्राची रिकामी जागा आहे. चौथ्यात ‘जमीन’ हा शब्द आला आहे आणि तू कलम ३२ लिहिलं आहेस. मालमत्तेचा हक्क १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मूलभूत हक्कांतून काढून ३००अ मध्ये नेला, तेव्हा तो उतारा नुसत्या भूसंपादनाचा असेल तर दार ३२ चं नाही, २२६ चं आहे. तो प्रश्न आधी घे, आणि झाला की पाठव.

तुझे,
सर