याला स्टार हाय का?

"मॅडम, दुसरीच्या वर्गात स्टार चार्ट लावलाय. पहिला महिना लेकरं पळत पळत अभ्यास करायची. आता स्टार नाही म्हटलं की पेन्सिलच उचलत नाहीत. चार्ट काढला तर वर्ग हातातून जाईल अशी भीती वाटते. काय करावं?"

शिक्षण परिषदेला गेले की चहाच्या वेळी हे कुणीतरी विचारतंच. परभणी जिल्ह्यातल्या एका वस्तीशाळेतल्या सरांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "चार्टचं नंतर बघू. आधी एका लेकराला भेटू द्या." ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून ती गोष्ट सांगते.

सात वर्षांचा मुलगा. आई-वडील ऊसतोडीला गेलेले, हा आजीजवळ. पहिलीत असताना वहीच्या मागच्या पानावर शेळ्या काढायचा आणि खाली काहीबाही लिहायचा. दुसरीत चार्ट आला. पाच ओळी सुवाच्य लिहिल्या की एक स्टार, दहा स्टार झाले की पेन्सिल. सरांनी वही दाखवली. "ही शेळी आहे. शेळी पांढरी आहे. शेळी पाला खाते." पुढच्या पानावर शेळीच्या जागी गाय, त्याच्या पुढे म्हैस. अक्षर छान, चूक एकही नाही. सर म्हणाले, "बघा, शुद्धलेखन सुधारलं." मला मात्र मागचं पान कोरं दिसलं.

मी त्याला कागद दिला आणि म्हटलं, "तुझ्या शेळीबद्दल लिहितोस?"

"याला स्टार हाय का?"

"नाही."

त्याने पेन्सिल खाली ठेवली. रागाने नव्हे; दुकान बंद दिसलं की माणूस वळतो तशी. तो आळशी नव्हता. पाच ओळींना एक स्टार हा हिशेब त्याला आम्हीच शिकवला होता आणि त्याने तो चोख लावला होता. सोप्यात सोप्या पाच ओळी लिहिणं हा त्याच हिशेबातला शहाणपणा होता.

हे प्रयोगातूनही दिसलं आहे. 1973 साली मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत स्टॅनफर्डच्या बालवाडीतली, रंगीत पेनांनी चित्रं काढायला आवडणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलं तर सोनेरी स्टारचं प्रमाणपत्र मिळेल. काहींना तेच प्रमाणपत्र न सांगता, नंतर दिलं. काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात पाहिलं, तर आधी कबूल केलेल्या गटातली मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र टिकून होती. म्हणजे बिघाड वस्तूत नव्हता, "हे केलंस तर ते देईन" या सौद्यात होता. आणि त्याचा फटका बसला मुळात आवडणाऱ्या कामाला. शिक्षकांनी यातला हा शेवटचा भाग विशेष लक्षात ठेवावा असं मला वाटतं.

पुढच्या भेटीत मी कागद काढलाच नाही. विचारलं, "शेळी आजारी पडली हे तुला कसं कळतं?"

तो सावरून बसला. "रवंथ करत न्हाई. कान पाडून बाजूला उभी ऱ्हाती. ओला पाला लई खाल्ला की डावीकडनं पोट फुगतंय. थाप मारली की ढोलकीवानी वाजतंय."

"डावीकडनंच?"

"हां, डावीकडनंच."

मला हे ठाऊक नव्हतं, ते मी त्याला सांगितलं. मग विचारलं, "सरांना माहीत आहे?"

तो हसला. "सरायकडं कुठं शेळी हाय!"

"मग त्यांना कसं कळणार?"

थोडा वेळ तो खिडकीकडे बघत राहिला. मग स्वतःच म्हणाला, "लिहून देऊ का?" नऊ ओळी लिहिल्या. 'ढोलकी'ची वेलांटी चुकली, 'रवंथ'वर अनुस्वार नव्हता, आणि स्टारचं नावही त्याने काढलं नाही. तो कागद मी अजून जपून ठेवलाय. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी सांगितलेल्या माणसाच्या तीन गरजांवर माझा विश्वास आहे: मला निवडता यावं, मला जमतंय हे कळावं, आणि मी कुणाचा तरी आहे. त्या दुपारी तिन्ही एका कागदावर दिसल्या. विषय त्याचा, ज्ञान त्याचं, आणि वाचणारा माणूस त्याला हवा तो.

सरांनी पुढे काय केलं ते सविस्तर सांगते, कारण अडचण तिथेच येते. चार्ट त्यांनी एका दिवसात फाडला नाही. कबूल केलेल्या पेन्सिली दिल्या, महिना संपू दिला आणि फक्त लेखनापुरता स्टार थांबवला. पहिले दोन आठवडे वाईट गेले. काम कमी झालं, आणि हातावर लाल पेनने तरी स्टार काढा म्हणून लेकरं मागे लागली. इथेच बरेच शिक्षक माघार घेतात. मी सरांना एकच वाक्य दिलं होतं: "आधी तू सांग, यातली कुठली ओळ तुला आवडली?" मूल बोट ठेवेल त्या ओळीखाली त्यानेच रेघ मारायची.

निवड द्यायची ती छोटी. "काहीही लिहा" म्हटलं की सात वर्षांचं मूल गोंधळतं. आठ गणितांतली कुठली पाच सोडवायची, दोन विषयांतला कुठला घ्यायचा, एवढी पुरे. प्रत्येक पानावर तारीख घालायची आणि महिन्याने जुनं पान नव्या पानाशेजारी ठेवायचं. शेजारच्या मुलाच्या वहीशी तुलना नाही. चार्टवर ऊसतोडीला गेलेल्या मुलांच्या ओळी रिकाम्या राहायच्या आणि त्या सगळ्यांना दिसायच्या; वहीत ती अडचण येत नाही.

आणि शाबासकी. "हुशार आहेस" यातून मुलाला पुढे काय करायचं ते कळत नाही. "काल 'शेळी'च्या 'ळी'ला ऱ्हस्व वेलांटी दिली होतीस, आज स्वतःच दीर्घ केलीस" यातून कळतं. मात्र यासाठी सरांनी ती वही खरोखर वाचलेली लागते. सत्तावीस वह्या रोज शक्य नाहीत, म्हणून ते रोज पाचच वाचायचे.

पाढ्यांचं काय, असं सरांनी विचारलं. पाठांतर कंटाळवाणं आहे, तिथे मुळात आवड नसते, त्यामुळे छोट्या बक्षिसाने फारसं बिघडत नाही. तरी मी म्हणाले, "कंटाळा येतो हे मान्य करा आणि कशाला लागतं ते बाजाराच्या हिशेबात दाखवा." एक मर्यादा मात्र सांगायला हवी. मुलाला अक्षरच ओळखू येत नसेल, फळा दिसत नसेल किंवा ते उपाशी आलं असेल, तर स्टार असो की नसो, फरक पडणार नाही. तिथे आधी ते कारण बघा.

फरक पडतोय का हे गुणांत शोधू नका. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं मोकळी सोडा, काही सांगू नका, आणि वही किंवा पुस्तक कोण आपणहून उचलतं ते टिपून ठेवा.

पुढे काही दिवसांनी सरांचा फोन आला. शाळा सुटताना तो मुलगा दाराशी थांबला होता. म्हणाला, "सर, शेळी व्यायली त्याचं अर्धंच लिहून झालंय. वही घरी नेऊ का?" वह्या कपाटात ठेवायचा शाळेचा नियम होता. सरांनी कपाट उघडून दिलं.